आई-बाबांच्या फोनचं सिस्टिम अपडेट, फोनवरून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलगा किंवा मुलगी पुण्याला, बंगळुरूला किंवा आणखी कुठे. आई-बाबा नागपुरात, आणि त्यांच्या अँड्रॉइड फोनवर ‘अपडेट आलंय’ अशी सूचना रोज डोकावतेय. पुढची उत्तरं सॅमसंगच्या गॅलेक्सी फोनला धरून लिहिली आहेत. इतर फोनचे फरक जिथल्या तिथे दिले आहेत. पडद्यावर जे शब्द दिसतात ते तसेच ठेवलेत, कारण फोनवर सांगताना अक्षर न अक्षर जुळावं लागतं.

फोन लावण्याआधी आपल्याकडे काय माहिती हवी?

दोन गोष्टी: फोनचं मॉडेल आणि फोनची भाषा. मॉडेल `Settings` मध्ये सर्वांत खाली `About phone` उघडलं की वरच दिसतं. ते एकदा विचारून लिहून ठेवा. मागच्या भेटीत त्यांच्या फोनचे स्क्रीनशॉट काढून आणले असतील तर उत्तमच.

भाषेचा मुद्दा लोक विसरतात. बाबांचा फोन मराठीत असेल आणि तुम्ही त्यांना ‘सॉफ्टवेअर अपडेट लिहिलेलं शोधा’ म्हणून इंग्रजी अक्षरं शोधायला लावत असाल, तर ते पाच मिनिटं शोधतील आणि मग ‘आमच्या फोनमध्ये नाहीच ते’ म्हणतील. तुमच्याकडे त्याच कंपनीचा फोन असेल तर थोड्या वेळासाठी आपलाही फोन मराठीत करा आणि तो समोर धरून बोला. वेगळ्या कंपनीचा असेल तर मात्र आपला फोन बाजूला ठेवा, कारण तो बघून सांगितलं की हमखास चुकतं.

वेळ कोणती निवडावी?

उन्हाळ्यात सकाळी सात-आठ. सॅमसंग फोन वापरण्यासाठी ० ते ३५ अंश हे तापमान सांगते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की दुपारी कूलर लावलेल्या खोलीतही ही मर्यादा सहज ओलांडली जाते. डाउनलोड, चार्जिंग आणि स्पीकरवरचं बोलणं हे तिन्ही एकदम चालू असलं की फोन आणखी तापतो आणि तापलेला फोन चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. मग बॅटरी वाढत नाही आणि फोन अपडेट सुरू करायला नकार देतो. फोन उशीखाली किंवा गादीवर न ठेवता फरशीवर किंवा टेबलावर ठेवायला सांगा, जाड कव्हरही काढून टाकायला सांगा.

वीज जाण्याची भीती फारशी नको. फोन बॅटरीवर चालतो, त्यामुळे मधेच लाइट गेली तर फक्त वाय-फायचा राउटर बंद पडेल आणि डाउनलोड तिथेच थांबेल. लाइट आली की ते पुढे सुरू होतं. बॅटरी मात्र निम्म्याहून जास्त असू द्या आणि चार्जर लावलेला ठेवा.

आणखी एक. घरात त्यांच्याकडे तो एकच फोन असेल आणि ते एकटे राहत असतील, तर अपडेटच्या काळात त्यांना कोणालाही फोन करता येणार नाही. अशा वेळी रात्री उशिरा हे काम काढू नका. शेजारचे काका-काकू घरी असतील किंवा कामवाल्या मावशी आलेल्या असतील ती वेळ साधा.

अपडेटआधी सर्वांत महत्त्वाची तपासणी कोणती?

पिन. बॅटरी आणि वाय-फाय त्यानंतर.

फोन बंद होऊन पुन्हा चालू झाला की पहिल्यांदा तो बोटाच्या ठशाने उघडत नाही, चेहरा दाखवूनही उघडत नाही. पिन, पॅटर्न किंवा पासवर्डच लागतो. त्याचं कारण असं, की फोनमधली माहिती कुलूपबंद असते आणि ते कुलूप उघडणारी किल्ली पिनमधून तयार होते. ठसा त्यानंतरच कामाला येतो. रोज अंगठा लावून फोन उघडणाऱ्या माणसाला पिन आठवत नसेल, तर अपडेट व्यवस्थित झालं तरी फोन त्याच्यासाठी बंदच.

म्हणून तुम्ही कॉलवर असतानाच बाबांना फोन एकदा लॉक करून पिनने उघडायला सांगा. पिन तोंडाने सांगायला लावू नका, फक्त ‘उघडला का’ एवढंच विचारा. पॅटर्न असेल तर सांगताही येत नाही. तो बोटांना पाठ असतो. काढून बघितला की पुरे.

आठवलाच नाही तर? तर अपडेट त्या दिवशी करायचं नाही, आणि फोन बंद करून चालूही करायचा नाही. जुना पिन दिल्याशिवाय फोन नवा पिन ठेवू देत नाही. सध्या ठशाने फोन उघडतोय, तेवढ्यात फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप घ्या. पुढची पायरी म्हणजे फोन पूर्ण पुसून नव्याने सुरू करणं. पुसल्यानंतर तो आधीच्या गूगल खात्याचा पासवर्ड मागतो, म्हणून तो ठाऊक आहे याची खात्री आधीच करून घ्या. हे काम तुम्ही स्वतः नागपूरला गेल्यावर करायचं. सीताबर्डीतल्या दुकानात एकट्या बाबांना पाठवून नाही.

ज्या फोनवर बोलतोय, तोच फोन ते चाळणार कसे?

स्पीकर लावून. फोन कानाला असताना वरचा सेन्सर पडदा काळा करतो. बरेच ज्येष्ठ तसाच कान लावून ‘अरे, इथं तं काहीच नाही दिसून राहिलं’ म्हणतात. आधी फोन कानापासून दूर घ्यायला सांगा, मग `Speaker` दाबायला सांगा, मग फोन टेबलावर.

दुसरी अडचण म्हणजे कॉलच्या पडद्यावरून बाहेर पडणं. लाल बटण दाबलं तरच फोन कटतो, घराचं किंवा गोल बटण दाबलं तर कटत नाही, हे त्यांना सुरुवातीलाच सांगून टाका. ही धास्ती मनात असली की ते कुठलंच बटण दाबायला धजत नाहीत. फोनला खाली तीन बटणं असतील तर मधलं दाबायचं. बटणं नसतील तर पडद्याच्या अगदी खालच्या काठावरून बोट वर सरकवायचं. कॉल चालूच राहतो आणि वरच्या पट्टीत त्याची हिरवी खूण दिसते.

घरात दुसरा फोन असेल तर हे सगळं सोपं होतं. आईच्या फोनवर बोला आणि बाबांच्या फोनवर काम करा. फोन बंद झाल्यावरही बोलणं तुटत नाही, हा त्यातला खरा फायदा.

पूर्ण कॉल कसा चालतो? एक नमुना द्या.

समजा बाबा प्रतापनगरच्या घरी आहेत, फोन गॅलेक्सी ए मालिकेतला, मेनू इंग्रजीत, घरी वाय-फाय. मुलगी पुण्याहून बोलतेय, पण कॉल बाबांनी स्वतः तिला लावलाय. एकच फोन आहे. पिनची तपासणी झालेली आहे.

‘बाबा, आता पडद्याच्या सगळ्यात वरच्या काठावर बोट ठेवा आणि खाली ओढा. काय दिसलं ते मला वाचून दाखवा.’

या कॉलमध्ये हे वाक्य वारंवार म्हणावं लागतं: काय दिसलं ते वाचून दाखवा. ‘दिसलं का?’ विचारलं की ‘हो’ येतं, दिसलेलं असो वा नसो. वाचून दाखवायला सांगितलं की खरं काय ते कळतं.

‘वाय-फाय, ब्लूटूथ, असं काहीतरी लिहून आहे.’

‘वाय-फायचं चिन्ह निळं आहे की करडं?’ निळं असेल तर चालू. ‘आता उजव्या हाताला वरच्या कोपऱ्यात दातेरी चाक आहे, त्याच्यावर एकदाच टिचकी मारा. दाबून धरू नका.’

दाबून धरणं ही ज्येष्ठांची नेहमीची सवय आहे. त्यामुळे भलताच मेनू उघडतो आणि ते गोंधळतात. पडद्यावर भलतंच काही आलं तर आधी बोट किती वेळ ठेवलं ते विचारा.

सेटिंग्ज उघडल्यावर एकेक ओळ वाचायला लावू नका, यादी लांब असते. ‘बोट खालून वर झटका देऊन सरकवा, यादी थांबेपर्यंत, अगदी तळापर्यंत. तळाशी `About phone` आहे का?’ तिथून वरच्या दोन-तीन ओळींत `Software update` असतं. तळापासून वर मोजत जाणं वरून शोधण्यापेक्षा सोपं पडतं. त्या ओळीपाशी लहानशी केशरी खूण असेल तर अपडेट खरंच आलेलं आहे.

‘त्याच्यावर टिचकी. आता सगळ्यात वर काय लिहिलंय?’

‘`Download and install`.’

‘दाबा. आता तो शोधेल, जरा थांबा.’

इथे दोनपैकी एक गोष्ट होते. सॉफ्टवेअर अद्ययावत असल्याचा संदेश येतो, मग काम संपलं. नाहीतर नव्या अपडेटचं पान उघडतं आणि त्यावर त्याचा आकार लिहिलेला असतो. तो आकडा वाचून घ्या आणि त्याच्यापुढे एमबी आहे की जीबी तेही विचारा. दरमहिन्याची सुरक्षा दुरुस्ती काहीशे एमबीची असते, अँड्रॉइडची नवी आवृत्ती दोन-तीन जीबीचीही असू शकते. ४०० एमबी असेल आणि नेट वीस एमबीपीएसचं असेल तर डाउनलोडला तीनेक मिनिटं लागतात, तेवढं कॉलवर थांबता येतं. जीबीत असेल तर ‘अर्ध्या तासाने मला फोन लावा’ म्हणून ठेवून द्या. डाउनलोड चालू असताना फोन नेहमीसारखा वापरता येतो.

डाउनलोड झालं की `Install now` आणि `Schedule install` असे पर्याय येतात. मुलगी इथे थांबते आणि दाबायच्या आधीच सगळं सांगून ठेवते:

‘बाबा, हे दाबलं की आपला फोन कटेल. घाबरू नका, तो कटायलाच हवा. फोन बंद होईल, मग सॅमसंग असं लिहिलेलं येईल, मग आकडे वाढत जातील, तो दोनदाही बंद-चालू होऊ शकतो. काही दाबायचं नाही. तुमचं नेहमीचं चित्र दिसलं की पिन टाका. मी साडेआठला फोन करेन.’

घड्याळाची वेळ सांगा, ‘थोड्या वेळाने’ म्हणू नका. थोडा वेळ म्हणजे किती हे कळलं नाही की दहाव्या मिनिटाला ते पॉवरचं बटण दाबतात.

ठरलेल्या वेळी फोन केला तर ते उचलत नाहीत. का?

बहुतेकदा फोन चालू झालेला असतो, पण पिन अजून टाकलेला नसतो. या अवस्थेत कॉल येतो, घंटी वाजते, पण नावांची यादी अजून कुलूपबंद असते. त्यामुळे ‘मुलगी’ किंवा ‘पिंकी’ असं काही दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. अनोळखी नंबर उचलू नका असं आपणच त्यांना बजावलेलं असतं, आणि ते बरोबर तसंच वागत असतात. म्हणून आधीच सांगून ठेवा: नाव दिसणार नाही, माझ्या नंबरचे शेवटचे तीन आकडे अमुक, ते बघून उचला. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावून उपयोग नाही, पिन टाकेपर्यंत ते चालत नाही.

अपडेट शोधायला सांगितलं की ‘इंटरनेट नाही’ असं येतं. नेट तर चालू आहे!

वाय-फाय नसलेल्या घरात हे फार होतं, आणि त्याला कारण तुमचाच कॉल असतो. दोन सिमच्या फोनमध्ये नेट एका सिमवर आणि तुमचा कॉल दुसऱ्या सिमवर आला, तर बहुतेक फोनमध्ये बोलणं चालू असेपर्यंत नेट बंद राहतं. तुम्ही फोन ठेवला की नेट परत येतं, आणि बाबा म्हणतात, ‘आत्ता तं यूट्यूब चालून राहिलं होतं.’ उपाय सोपा आहे. ज्या सिमवर नेट आहे त्याच सिमवर बोला. फोरजी किंवा फाइव्हजीवर बोलणं आणि नेट दोन्ही एकत्र चालतं. कॉल टूजीवर घसरला तर मात्र त्याच सिमवरही नेट थांबतं.

मोबाइल डेटावरच काम करायचं असेल तर रोजची मर्यादा ध्यानात ठेवा. दीड जीबीच्या रोजच्या पॅकमध्ये दोन जीबीचं अपडेट बसत नाही. मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आकडा हलेनासा होतो आणि फोन बिघडला असं वाटतं. त्यापेक्षा शेजाऱ्यांचं वाय-फाय घेतलेलं बरं. शिवाय `Software update` मध्ये `Auto download over Wi-Fi` हा पर्याय चालू करून ठेवला, की कधी वाय-फाय मिळालं तर डाउनलोड आपोआप होतं. बसवायचं तेवढं बाकी राहतं.

‘जागा कमी आहे’ असं आलं तर काय काढायला सांगू?

फोटो गॅलरीकडे अजिबात वळू देऊ नका. नातवंडांचे फोटो तिथेच असतात आणि घाईत नको ते उडतं. जागा खाणारा खरा ऐवज व्हॉट्सअ‍ॅपमध्ये असतो: सुप्रभातची चित्रं, भजनांचे व्हिडिओ, एकच क्लिप पाच ग्रुपवरून आलेली.

व्हॉट्सअ‍ॅप उघडून वरच्या तीन ठिपक्यांतून `Settings`, मग `Storage and data`, मग `Manage storage`. तिथे वारंवार पुढे पाठवलेल्या गोष्टींचा एक आणि ५ एमबीहून मोठ्या फायलींचा एक, असे वेगळे गठ्ठे दिसतात. आधी वारंवार फॉरवर्ड झालेल्यांचा गठ्ठा उघडा. घरचं काही त्यात क्वचितच सापडतं, पण पुसण्याआधी वरवर नजर टाकायला सांगा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

गूगल फोटोजमधून काही पुसलं असेल आणि तरीही जागा वाढलेली दिसत नसेल, तर ते कचरापेटीत पडून आहे. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. पेटी रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही, पण ती रिकामी करण्याआधी आत काय आहे ते नीट वाचून घ्या, कारण त्यानंतर परत मिळत नाही.

बसवायला किती वेळ लागतो? अडकलं आहे हे कसं ओळखायचं?

बऱ्याच गॅलेक्सी फोनमध्ये फोन बंद होऊन पडद्यावर टक्केवारी वाढत जाते. यात दहा ते तीस मिनिटं धरा. मोठ्या आवृत्तीला आणि जुन्या फोनला जास्त. काही नव्या फोनमध्ये अपडेट मागच्या मागे बसतं, बाबा फोन वापरत राहतात आणि शेवटी फक्त एकदा बंद-चालू करायला सांगितलं जातं. तिथे फोन दोन-चार मिनिटंच हातातून जातो.

आकडा एखाद्या ठिकाणी पाच-सात मिनिटं थांबणं नेहमीचंच आहे. तासाभरात काहीच हललं नाही, किंवा कंपनीचं नाव येतं-जातं आणि पुढे काही होत नाही, तेव्हाच हस्तक्षेप करायचा. आवाज कमी करायचं बटण आणि पॉवरचं बटण एकत्र दाबून दहाएक सेकंद धरायचं, फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

या दाबादाबीत कधी काळ्या पडद्यावर बारीक इंग्रजी ओळींची यादी उघडते. बाबांना कुठलीही ओळ बोटाने निवडायला सांगू नका. पहिली ओळ `Reboot system now` असते आणि तीच ठळक केलेली असते. ती तशी आहे का हे वाचून घ्या आणि पॉवरचं बटण एकदा दाबायला सांगा. आवाजाची बटणं दाबली तर निवड खाली सरकते, आणि त्याच यादीत `Wipe data/factory reset` आहे. ती ओळ म्हणजे सगळं पुसणं. हे दुसऱ्या फोनवरून बोलत असतानाच करा. घरी दुसरा फोन नसेल तर शेजाऱ्यांना बोलवा.

झालं की नाही, याची खात्री कशी करायची?

पुन्हा `Settings`, `About phone`, मग `Software information`. तिथे अँड्रॉइडच्या सुरक्षा पॅचची तारीख लिहिलेली असते. अपडेटआधी ती वाचून घेतली असेल तर आता ती पुढे सरकलेली दिसेल. ‘झालं वाटते’ यावर विसंबू नका. कित्येकदा डाउनलोड होऊन फक्त बसवायचं राहिलेलं असतं आणि बाबांना वाटतं झालं.

त्यानंतरचा एखादा दिवस फोन जरा गरम राहतो, बॅटरी लवकर उतरते. फोन मागे सगळी अ‍ॅप नव्या व्यवस्थेत बसवत असतो. दोन दिवसांत थंडावलं नाही तर बघू, असं सांगून ठेवा.

‘फोन उचलायचं बटणच बदललं!’ हे अपडेटमुळे झालं का?

नेहमीच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गूगलच्या फोन अ‍ॅपचं रूप बदललं तेव्हा भारतात असंख्य लोकांचा कॉलचा पडदा रातोरात वेगळा झाला. ते सिस्टिम अपडेट नव्हतं, नुसतं अ‍ॅपचं अपडेट होतं. ज्या फोनमध्ये गूगलचं फोन अ‍ॅप आहे तिथे त्याच्या सेटिंग्जमध्ये `Incoming call gesture` असतं, त्यात सरकवून उचलायचं की नुसती टिचकी मारून, हे ठरवता येतं. हात थरथरत असतील त्यांना टिचकी सोपी जाते.

फोन सॅमसंगचा नसेल तर?

वाट बदलते, काम तेच. रेडमी आणि पोकोमध्ये `About phone` उघडून वरच्या आवृत्तीच्या चौकटीवर टिचकी मारायची. ओप्पो आणि रिअलमीच्या नव्या फोनमध्ये `About device` मध्ये वरची पट्टी दाबायची. विवोमध्ये सेटिंग्जच्या यादीतच `System update` दिसतं. काहीच सापडलं नाही तर सेटिंग्जच्या वर भिंगाचं चिन्ह असतं, तिथे `update` लिहायला लावा. लिहायला जड जात असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून नुसतं ‘अपडेट’ म्हणू द्या. आलेल्या यादीतल्या ओळी वाचून दाखवायला सांगा, टिचकी कुठे मारायची ते तुम्ही ठरवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा पडदा मला दिसू शकतो ना? मग एवढं वाचायला का लावायचं?

दिसू शकतो. व्हिडिओ कॉलमध्ये पडदा दाखवायची सोय २०२३ पासून आहे आणि वाय-फाय चांगलं असेल तर जरूर वापरा. फोनने विचारल्यावर एकाच अ‍ॅपचा नको, पूर्ण पडदा दाखवायचा पर्याय निवडायला सांगा, नाहीतर सेटिंग्ज उघडताच तुम्हाला काही दिसणार नाही. तुम्हाला फक्त दिसतं, दाबता काही येत नाही. शेवटी `Install now` दाबल्यावर हा कॉलही कटतोच. पण ही सवय लावताना पुढचा प्रश्न वाचा.

हेच सगळं एखाद्या भामट्याने फोन करून करून घेतलं तर?

हाच खरा धोका आहे. ‘मी सांगतो तसं दाबत जा, पडदा दाखवा’ हे वाक्य तुम्हीही म्हणता आणि तोही म्हणतो. म्हणून घरात एकच नियम ठेवा: फोनमध्ये काही करायचं असेल तर बाबांनी कॉल ठेवायचा आणि नावावर टिचकी मारून स्वतः तुम्हाला लावायचा. आलेल्या कॉलवर, तो तुमचाच वाटला तरी, सेटिंग्ज उघडायची नाही. सुरुवातीला त्यांना हे खुळचट वाटेल. ‘तुझ्यावर का भरवसा नाही का बाप्पा’ म्हणतील. तरी सोडू नका.

खरं सिस्टिम अपडेट `Settings` मध्येच असतं. ते व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल म्हणून येत नाही, एसएमएसच्या लिंकने येत नाही, आणि बातम्या वाचताना मधेच उगवणाऱ्या ‘तुमचा फोन जुना झाला’ अशा खिडकीतही नसतं. कोणी .apk नावाची फाइल बसवायला सांगितली की ते अपडेट नव्हे. चुकून बसवलीच असेल तर आधी वाय-फाय आणि डेटा बंद करा, बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

फोन म्हणतो अद्ययावत आहे, पण पॅचची तारीख दोन वर्षांपूर्वीची दिसते. कोणाचं खरं?

दोघांचंही. त्या संदेशाचा अर्थ एवढाच, की या मॉडेलसाठी कंपनीने याहून नवं काही दिलेलं नाही. कंपनी ठरावीक वर्षांनी जुन्या मॉडेलला अपडेट देणं थांबवते, आणि मग अपडेट कितीदाही शोधलं तरी फोन तेच उत्तर देतो. बाबांना रोज शोधायला लावून काही मिळणार नाही.

अशा फोनवर प्ले स्टोअरमधून अ‍ॅपची अपडेट येत राहतात, ती चालू ठेवा. क्रोम आणि व्हॉट्सअ‍ॅप ताजं असणं तिथे विशेष गरजेचं आहे. बँकेचं आणि यूपीआयचं काम मात्र त्या फोनवरून हलवा. पेन्शनचं खातं त्याच फोनवर असेल तर नवा फोन घेण्याचा विषय पुढच्या भेटीपर्यंत लांबवू नका. जुना फोन यूट्यूब आणि व्हिडिओ कॉलसाठी घरात राहू शकतो, फक्त त्यातली बँकेची अ‍ॅप आणि सिम काढून घ्या.